वेतनचिठ्ठीतील कपातीची चूक आणि दुरुस्तीचा अर्ज
(पुणे येथे प्राथमिक शिक्षकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपणांपुढे एका अगदी लहान विषयावर बोलणार आहे. वेतनातून एखादी रक्कम चुकीने कापली गेली, तर ती दुरुस्त करून घेण्यासाठी अर्ज कसा लिहावा, एवढाच तो विषय आहे. हिशेबाच्या मेजावर माझी बरीच वर्षे गेली. त्या काळात असे अर्ज मी शेकड्यांनी वाचले. त्यांतील पुष्कळांचा सारांश एकच असे : ‘या महिन्यात माझा पगार कमी आला आहे, तरी चौकशी होऊन दुरुस्ती व्हावी, ही नम्र विनंती.’ अर्जदाराचे म्हणणे बहुधा खरे असे. परंतु हा महिना म्हणजे कोणता, कमी म्हणजे किती, आणि दुरुस्ती म्हणजे नेमके काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे अर्जात नसत. लिपिकाने जुनी देयके काढून ती शोधावीत, अशी अर्जदाराची अपेक्षा. लिपिकापुढे तर चारपाचशे शिक्षकांचे देयक पडलेले. मग अर्ज दप्तरात जाई, पुढचे देयक निघून जाई, आणि चूक तशीच राही.

चांगल्या अर्जाची कसोटी मी एकच मानतो. ज्या लिपिकाने आपणांस कधी पाहिले नाही, त्याला आपला अर्ज वाचून एकही प्रश्न न विचारता पुढील देयक दुरुस्त करता आले पाहिजे. त्यासाठी वेतनाचा महिना, कापलेली रक्कम, कापावयास हवी होती ती रक्कम, दोहोंतील फरक आणि पुढील देयकात कोणता आकडा यावा, एवढ्या पाच गोष्टी अर्जात असाव्या लागतात. पहिल्या चार पुष्कळांना जमतात. पाचवी मात्र चांगल्या चांगल्यांची चुकते. म्हणून आज तिच्यावरच अधिक वेळ खर्च करतो.

एक उदाहरण घेऊ. डिसेंबर २०२४ अखेर एक शिक्षक एका पंचायत समितीतून कार्यमुक्त होऊन जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या पंचायत समितीत रुजू झाले, असे समजा. जुन्या कार्यालयाने दिलेल्या अंतिम वेतन प्रमाणपत्रात व्यवसाय कराचा रकाना कोरा राहिला. नव्या कार्यालयाच्या लिपिकाने साहजिकच असे धरले की, डिसेंबरचा कर घ्यावयाचा राहिला आहे. त्याने जानेवारीच्या देयकात दोन महिन्यांचा मिळून ४०० रुपये व्यवसाय कर लावला. शिक्षकाच्या डिसेंबरच्या वेतनचिठ्ठीत तर २०० रुपये कापल्याची नोंद स्पष्ट आहे. म्हणजे एकच कर दोनदा गेला.

येथे कोणी हेतुपुरस्सर काही केलेले नाही. एका कागदावरील कोरी जागा दुसऱ्या कार्यालयाने भरून काढली, एवढेच घडले. बदली, पदोन्नती, वेतननिश्चिती, दीर्घ रजा अशा प्रसंगी कागद एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि चुका तेथेच शिरतात. म्हणून अशा प्रसंगानंतरची पहिली वेतनचिठ्ठी, जिला आपण बोलताना पगारस्लिप म्हणतो, ती मागील महिन्याच्या चिठ्ठीशेजारी ठेवून ओळीने ताडून पाहावी. नुसती हाती आलेली रक्कम पाहून उपयोग होत नाही. महागाई भत्ता वाढला आणि त्याच महिन्यात एखादी कपातही चुकीने वाढली, तर हाती आलेली रक्कम पूर्वीएवढीच दिसेल, आणि चूक वाढीच्या आड लपून जाईल.

आता पहिली गोष्ट, महिना. जानेवारीचे वेतन बँकेत जमा होते फेब्रुवारीत. खातेपुस्तकावरील तारीख पाहून शिक्षक लिहितो, ‘फेब्रुवारीच्या पगारातून जादा कपात झाली.’ लिपिक फेब्रुवारीचे देयक उघडतो, तर ते अद्याप तयारच झालेले नसते. अथवा तयार झालेले असले तर त्यात चूक आढळत नाही. तो शेरा मारतो, ‘तपासले, कपात बरोबर आहे.’ दोघेही खरे बोलतात, आणि काम होत नाही. यास्तव ज्या महिन्याच्या सेवेचे वेतन, तो महिना आणि वर्ष आधी लिहावे, आणि ते कधी जमा झाले हे त्यापुढे वेगळे लिहावे. वेतनचिठ्ठीच्या माथ्यावर छापलेला महिना हाच वेतनाचा महिना होय.

दुसरी गोष्ट आकड्यांची. कापलेली रक्कम चिठ्ठीवर असतेच. कापावयास हवी होती ती रक्कम आपण स्वतः काढून दाखवावी लागते, आणि तिच्यासाठी नियम ठाऊक असावा लागतो. व्यवसाय कराचा नियम सोपा आहे. महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या अधिनियमाने लागू झाला. मासिक वेतन १०,००० रुपयांहून अधिक असलेल्या पुरुष कर्मचाऱ्यास वर्षाला २,५०० रुपये कर आहे. स्त्रियांना मात्र १ एप्रिल २०२३ पासून मासिक २५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर हा कर नाही. वर्षाचे २,५०० रुपये बारा महिन्यांत सारखे वाटले जात नाहीत. अकरा महिने प्रत्येकी २०० रुपये, म्हणजे २,२००, आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, अशी त्याची विभागणी आहे. २,५०० हाच आकडा का, असे कोणी विचारील. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने एका व्यक्तीवरील या कराची वार्षिक मर्यादा घालून दिली आहे. ती पूर्वी २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. कर त्या मर्यादेपर्यंत नेण्यासाठी शेवटचे शंभर रुपये फेब्रुवारीवर टाकले आहेत.

हा फेब्रुवारीचा नियम ठाऊक नसल्यामुळे दरवर्षी काही अर्ज निष्कारण लिहिले जातात. फेब्रुवारीच्या चिठ्ठीत ३०० रुपये पाहून शिक्षक शंभर रुपये परत मागतो. ती कपात चूक नव्हेच. असा एक अर्ज कार्यालयात गेला की पुढचा खरा अर्जही तेथे किंचित संशयाने वाचला जातो. म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी ‘ही चूकच आहे ना?’ हा प्रश्न स्वतःस विचारावा.

आपल्या उदाहरणात तो प्रश्न सुटलेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये ४०० कापले, २०० कापावयास हवे होते, फरक २०० रुपये. आता पाचवी गोष्ट पाहू : पुढील देयकात काय व्हावे? बहुतेक शिक्षक लिहितील, ‘जानेवारीत दोन महिन्यांचा कर गेला, तेव्हा फेब्रुवारीत कर कापू नये.’ ऐकावयास हे सरळ वाटते. पण ते चूक आहे. फेब्रुवारीचा देय कर ३०० आहे. त्यातून जादा गेलेले २०० वजा केले तर १०० उरतात, आणि ते कापले गेलेच पाहिजेत. शून्य कापले तर शंभर रुपये कमी पडतील आणि ते पुढे कधीतरी वसूल होतील. म्हणजे चुकीची दुरुस्ती करताना आपणच दुसरी चूक मागून घेतली, असे होईल.

याचा पडताळा वर्षाच्या बेरजेने घ्यावा. मार्च २०२४ ते डिसेंबर २०२४ हे दहा महिने, दरमहा २०० प्रमाणे २,०००. त्यात जानेवारीचे ४०० मिळवले की २,४००. फेब्रुवारीचे १०० मिळवले की बरोबर २,५००. बेरीज ठरलेल्या वार्षिक रकमेला येऊन मिळाली, म्हणजे आपली मागणी योग्य आहे असे समजावे. आपण मुलांना भागाकाराचा ताळा गुणाकाराने करावयास शिकवतो, तसाच हा ताळा आहे.

अर्ज देण्याची वेळही ध्यानात ठेवावी लागते. महिन्याचे देयक महिना संपण्याची वाट पाहत नाही. शालार्थ प्रणालीत बदलांची माहिती आधी भरली जाते, आणि देयक एकदा पुढे गेले की लिपिकाच्या हाती काही उरत नाही. म्हणून अर्जात दुसरा पर्यायही देऊन ठेवावा : फेब्रुवारीचे देयक सादर झाले असल्यास मार्चमध्ये काय करावे. मार्चचा देय कर २०० आणि जादा गेलेले २००. म्हणून त्या स्थितीत मार्चची कपात शून्य व्हावी. दोन्ही आकडे लिहून ठेवले की उशीर झाला तरी नवा अर्ज करावा लागत नाही.

हे सर्व एकत्र केले म्हणजे अर्ज पुढीलप्रमाणे होईल :

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती …
(मार्फत : मुख्याध्यापक, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा …)

विषय : जानेवारी २०२५ च्या वेतनातून जादा कपात झालेला व्यवसाय कर रु. २०० समायोजित करणेबाबत.

महोदय,
मी दि. … रोजी पंचायत समिती … येथून बदलीने या शाळेत रुजू झालो आहे. माझा शालार्थ क्रमांक … असा आहे. माझ्या जानेवारी २०२५ च्या वेतनातून (दि. … रोजी बँकेत जमा) व्यवसाय कर रु. ४०० कापण्यात आला आहे. जानेवारीचा देय कर रु. २०० आहे. डिसेंबर २०२४ चा कर रु. २०० पूर्वीच्या कार्यालयाने त्याच महिन्याच्या वेतनातून कापलेला आहे. त्या वेतनचिठ्ठीची प्रत सोबत जोडली आहे. त्यामुळे रु. २०० जादा कापले गेले आहेत.

फेब्रुवारी २०२५ चा देय कर रु. ३०० मधून ही रक्कम वजा करून त्या महिन्याच्या देयकात व्यवसाय कर रु. १०० कापावा, ही विनंती. फेब्रुवारीचे देयक सादर झाले असल्यास मार्च २०२५ च्या देयकात व्यवसाय कर निरंक ठेवावा. त्यापुढे नियमित कपात रु. २०० सुरू राहावी.

सोबत : डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ च्या वेतनचिठ्ठ्यांच्या प्रती.

आपला विश्वासू,

या अर्जात तक्रारीचा एक शब्द नाही. ‘निष्काळजीपणा’, ‘मानसिक त्रास’, ‘वारंवार अन्याय’ असे शब्द घातल्याने आकडा बदलत नाही. उलट वाचणाऱ्याचे लक्ष आकड्यावरून उडते. शेवटच्या वाक्याकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. ‘त्यापुढे नियमित कपात रु. २०० सुरू राहावी’ हे वाक्य वरवर अनावश्यक वाटते. परंतु एका महिन्यापुरता बदललेला आकडा पुढील महिन्यात तसाच राहून जाणे, ही दुरुस्तीनंतरची नेहमीची चूक आहे. मार्चमध्येही १०० च कापले गेले तर क्षणभर बरे वाटेल, पण ते येणे आपल्या नावावर साठत जाईल आणि एके दिवशी एकरकमी वसूल होईल. म्हणून दुरुस्तीनंतरची एक नव्हे, दोन वेतनचिठ्ठ्या तपासाव्यात : पहिलीत दुरुस्ती झाली की नाही, आणि दुसरीत आकडा पूर्ववत झाला की नाही.

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्यावी. काम झाले नाही तर स्मरणपत्रात सारी हकीकत पुन्हा लिहू नये. ‘आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या अर्जानुसार फेब्रुवारीत रु. १०० कापावयाचे होते, रु. ३०० कापले गेले. म्हणून अर्जातील पर्यायानुसार मार्चमध्ये कपात निरंक व्हावी’ एवढे पुरे आहे.

आता आपण गावातील दुसऱ्या एका वेतनचिठ्ठीकडे वळू. आपल्यापैकी प्रत्येकाचे काही जुने विद्यार्थी भोसरी, चाकण, रांजणगाव या बाजूला कारखान्यांत कामास आहेत. सुटीवर घरी आला की असा एखादा मुलगा चिठ्ठी घेऊन येतो आणि म्हणतो, ‘गुरुजी, हे जरा बघता का? मनुष्यबळ विभागाला पत्र लिहायचं आहे.’ गावात त्याला दुसरे विचारण्याचे ठिकाण नसते. त्याच्यासाठी लिहावयाचे पत्रही याच पाच गोष्टींचे असते. पण त्यात एक नवी अडचण येते. ती समजण्यासाठी थोडे मागे जाऊन २०१९ सालचे एक उदाहरण घेतो, कारण त्या वर्षी एक दर बदलला होता.

कामगार राज्य विमा योजनेत, जिला कामगार ‘ईएसआय’ म्हणतात, कामगाराच्या वेतनातून वर्गणी कापली जाते आणि मालक आपला हिस्सा वेगळा भरतो. ३० जून २०१९ पर्यंत कामगाराचा हिस्सा वेतनाच्या १.७५ टक्के होता. १ जुलै २०१९ पासून तो ०.७५ टक्के झाला. आता असे समजा की, एका कामगाराचे जुलै २०१९ चे वेतन १८,००० रुपये आहे आणि त्यातून ३१५ रुपये वर्गणी कापली गेली आहे. नव्या दराने १८,००० चे ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये होतात. म्हणजे १८० रुपये जादा गेले.

३१५ आणि १३५ हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. हिशेबनिसांची एक जुनी युक्ती आहे : फरकाला नऊने निःशेष भाग जात असेल, तर लिहिताना अंकांची अदलाबदल झाली असावी असा संशय घ्यावा. ५४ चे ४५ झाले की फरक ९ येतो, ७२ चे २७ झाले की फरक ४५ येतो. येथे फरक १८० आहे आणि त्याला नऊने भाग जातो. १३५ मधील १ आणि ३ यांची अदलाबदल केली की ३१५ होतातही. कोणीही म्हणेल, टंकलेखकाचा हात चुकला. परंतु १८,००० चे १.७५ टक्के काढून पाहा. तेही नेमके ३१५ येतात. म्हणजे यंत्रात जुनाच दर राहिला असण्याचा संभव अधिक आहे.

या दोन कारणांचे परिणाम निरनिराळे आहेत. हात चुकला असेल तर चूक एका महिन्याची आणि एका माणसाची. जुना दर राहिला असेल तर ती सर्व कामगारांची, आणि दुरुस्त होईपर्यंत दरमहाची. परंतु बाहेरून आपणांस यांपैकी कोणते खरे, हे सांगता येत नाही. म्हणून पत्रात कारण ठामपणे लिहू नये. ‘आपल्या टंकलेखकाची चूक झाली’ असे लिहिले आणि ती दराची निघाली, तर ‘टंकलेखनात चूक नाही’ असे खरेखुरे उत्तर येऊन प्रकरण मिटेल. आकडे आपले, कारण त्यांचे, अशी वाटणी ठेवावी. फार तर एवढे लिहावे : ‘जुन्या १.७५ टक्के दराने हीच रक्कम येते, तरी दर तपासावा.’

या पत्रातील पाचवी गोष्ट व्यवसाय कराच्या उदाहरणासारखी सुटत नाही. ऑगस्टची देय वर्गणी १३५ आहे आणि परत येणे आहेत १८०. १३५ मधून १८० वजा करता येत नाहीत. कपातीच्या रकान्यात उणे ४५ लिहिणे कोणासही रुचणार नाही. शिवाय विमा महामंडळाकडे जाणारी वर्गणी नोंदलेल्या वेतनावरून ठरते. ऑगस्टची १३५ रुपये वर्गणी तिकडे गेलीच पाहिजे. जुलैचे वेतन बरोबर नोंदले असेल तर महामंडळाकडे १३५ च गेलेले असतात, आणि जादा कापलेले १८० बहुधा मालकाकडेच राहिलेले असतात. म्हणून येथे समायोजन न मागता परतावा मागावा : ‘ऑगस्टची नियमित वर्गणी रु. १३५ कापावी, आणि जुलैमध्ये जादा कापलेले रु. १८० ऑगस्टच्या वेतनासोबत परत द्यावेत.’ त्यापुढे आणखी एक वाक्य घालावे : ‘ही रक्कम वेतन म्हणून न दाखवता, जुलैच्या कपातीचा परतावा म्हणून स्वतंत्र दाखवावी.’ हे १८० रुपये वेतनाच्या रकान्यात मिळवले गेले तर त्यांवर पुन्हा वर्गणी कापली जाईल, आणि एकदा मिळवलेले पैसे दुसऱ्यांदा मिळवल्यासारखे दिसतील.

दोन्ही उदाहरणांवरून आपल्या ध्यानी आले असेल की, ‘दुरुस्ती व्हावी’ या दोन शब्दांत निरनिराळ्या मागण्या लपलेल्या असतात. कोणती मागावी, हे दोन प्रश्नांवर अवलंबून आहे : जादा गेलेला पैसा आता कोणाकडे आहे, आणि त्याच सदराखाली पुढील महिन्यात आपले काही देणे आहे काय? पुढे पुरेसे देणे असेल तर समायोजन मागावे. देणे नसेल किंवा अपुरे असेल तर परतावा मागावा.

शिक्षण सेविकांच्या बाबतीत हा भेद विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्राथमिक शाळेतील शिक्षण सेवकांचे मानधन १ जानेवारी २०२३ पासून १६,००० रुपये झाले. पुरुष शिक्षण सेवकास त्यावर व्यवसाय कर आहे. स्त्रियांची २५,००० रुपयांची मर्यादा मी वर सांगितलीच. म्हणून या मानधनावर शिक्षण सेविकेस तो कर नाही. दोघे एकाच देयकात असतात, दोघांचे मानधन सारखे असते, आणि लिपिकाने एकच आकडा दोघांपुढे ओढला की चूक होते. समजा, एखाद्या सेविकेचे जून, जुलै आणि ऑगस्ट असे तीन महिने दरमहा २०० रुपये गेले. तिच्या अर्जात तीन महिने वेगवेगळ्या ओळींत लिहावेत. प्रत्येकापुढे कापले २००, देय निरंक, फरक २०० असे मांडावे, आणि खाली एकूण ६०० लिहावे. तिने मात्र ‘पुढील करातून वजा करावे’ असे लिहू नये, कारण सेविका असेपर्यंत तिला पुढे करच नाही. वजा करावयाचे कशातून? तिने दोन गोष्टी स्वतंत्रपणे मागाव्यात : सप्टेंबरपासून कपात बंद व्हावी, आणि ६०० रुपयांचा परतावा मिळावा. पहिली मागणी लिपिक पुढील देयकातच पुरी करू शकतो. दुसरीस वेळ लागतो, कारण कापलेला कर शासनाकडे जमा झालेला असतो आणि तो परत आणण्याचा मार्ग कार्यालयाला वरून घ्यावा लागतो. दोन्ही एकाच वाक्यात गुंफल्या तर अवघड मागणीपायी सोपीही अडून राहते, आणि तोवर दरमहा आणखी २०० रुपये जात राहतात.

आयकराच्या बाबतीतही पैसा कोणाकडे आहे हाच प्रश्न विचारावा. जादा कापलेला आयकर आपल्या नावावर शासनाकडे जमा झालेला असतो. कार्यालय तो रोख परत देऊ शकत नाही. आर्थिक वर्षाचे महिने शिल्लक असतील तर उरलेल्या महिन्यांची कपात कमी करून मागावी. वर्ष संपले असेल तर कार्यालयाकडे अर्ज करण्यात काळ न घालवता, आपल्या विवरणपत्रात तो कर दाखवून परतावा घ्यावा. भविष्य निर्वाह निधीत चुकून जादा गेलेली रक्कम आपल्याच खात्यात असते. ती बुडालेली नसते. तेथे पुढील महिन्याची वर्गणी दुरुस्त करून घेणे हेच पहिले काम होय.

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. चूक नेहमी आपल्याविरुद्धच होते असे नाही. कधी कपात कमी होते आणि हाती चार पैसे अधिक येतात. त्या वेळीही असाच अर्ज लिहावा : महिना अमुक, कापले इतके, कापावयास हवे होते इतके, फरक पुढील देयकात वसूल व्हावा. यात केवळ सचोटीचाच नव्हे, तर हिताचाही प्रश्न आहे. एका महिन्याचे दोनशे रुपये देणे जड जात नाही. परंतु तीच चूक काही वर्षे चालून निवृत्तीच्या वेळी सेवापुस्तकाच्या पडताळणीत बाहेर आली, म्हणजे तिचा आकडा मोठा झालेला असतो आणि निवृत्तिवेतनाचे प्रकरण तेथेच अडते. असे अडलेले कागद घेऊन कार्यालयाच्या पायऱ्या चढणारे वृद्ध शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांच्या पिशवीत वेतनचिठ्ठ्या सर्व होत्या. फक्त त्या वेळेवर शेजारी ठेवून ताडून पाहिलेल्या नव्हत्या.

तेव्हा आज घरी गेल्यावर आपल्या मागील दोन महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्या काढाव्यात आणि कपातीच्या ओळी एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात. जेथे आकडा बदललेला दिसेल, तेथे कारण शोधावे. कारण सापडले नाही, तर अर्ज कसा लिहावयाचा हे आपण आज पाहिलेच आहे.